शिंक आडवी

इंग्रजीत कुणी शिंकलं की शेजारचा म्हणतो, देव तुझं भलं करो. आपल्याकडं कुणी शिंकलं की शेजारचा म्हणतो, थांब, जरा बस. पुण्याच्या नायगावकर बाई मला म्हणाल्या की या दोन वाक्यांत फारसा फरक नाही, दोन्ही नुसते शिष्टाचार. बाई बालसाहित्याच्या संपादक आहेत, माझ्याहून दुप्पट शिकलेल्या आहेत आणि त्यांना शिंक कळत नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. आताही सांगते.

मी प्रणोती. मिरजेत झेरॉक्सचं दुकान चालवते. बारावीनंतर कॉलेज झालं नाही. इंग्रजी शिकले ती लोक झेरॉक्सला आणायचे ती पुस्तकं वाचून, म्हणजे अर्धी इंजिनिअरिंगची आणि अर्धी नर्सिंगची. मला ‘प्रेम’ या शब्दाआधी ‘बोल्ट’ आणि ‘कॅथेटर’ समजले. पोरांची पुस्तकं मी भाषांतर करायला लागले ती चैतूमुळं. चैत्राली, आमची मुलगी.

चैतूच्या फुप्फुसात रक्त नेणाऱ्या नळ्या अरुंद होत चालल्या होत्या. हृदयाला रक्त ढकलायला फार जोर लावायला लागायचा. पळणं नाही, जिने नाहीत, रडणं नाही. जोरात हसणंसुद्धा नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ती माझ्या मांडीवरच बसली होती. लगेच म्हणाली, “मग मी हळू हसू का?” डॉक्टरच हसले. हिला चालत नव्हतं ते.

पुस्तक तिच्या बापानं आणलं. ऋतुराज हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या संघटनेतल्या पोरांबरोबर गावोगाव जाऊन बाबाबुवांचे चमत्कार उघडे पाडतो. जिभेवर कापूर जाळतो, लिंबातून रक्त काढतो आणि मग सांगतो की हे असं होतं बघा. माणूस चांगला. गोष्टी सांगायला मात्र अगदी वाईट. चैतूला म्हणायचा, “ससा बोलू शकत नाही, पण आपण धरून चालू की बोलतो.”

पुस्तक असं होतं. एक बॅजर, बिळात राहणारा विलायती प्राणी. तोंडावर काळेपांढरे पट्टे, गळ्यात लाल मफलर. त्याची शिंक नाकात अडकलीय. एकेक प्राणी घरी येतो, उपाय करतो, बॅजर आ-आ-आ करतो, आपण पान उलटतो, आणि शिंक गेलेली असते. शेवटी सगळे कंटाळून दारात बूट चढवतात आणि तेव्हाच ती येते. मोठ्ठी. सगळे ओरडतात, देव तुझं भलं करो, आणि झोपायला घरी जातात. सगळं यमकात, घोडा दौडावा तसं.

आता घोडा दौडतो कसा, ते सांगते. इंग्रजी कविता आघातावर चालते. दोन हलके, एक जड, दोन हलके, एक जड. त्यांच्या शब्दांतच ते जड-हलकं असतं. आपल्या बोलण्यात असे हातोडे नाहीत. आपण स्वराची लांबी मोजतो. छोटा स्वर एक मात्रा, लांब स्वर दोन, जोडाक्षराच्या आधीचा छोटाही दोन. आठ मात्रांचा एक झोका, दोन झोक्यांची एक ओळ. इंग्रजी घोडा मराठीत आणायला गेलं की लंगडतो. मी घोडा सोडून पाळणा घेतला.

मग नाव. बॅजर मराठी पोराच्या ओळखीचा नाही. त्याचा हत्ती करावा, तर चित्रं मूळ चित्रकाराची, करारात लिहिलंय की एक केसही बदलायचा नाही. म्हणून बिज्जू, हिंदीत बॅजरच्या भावंडाला म्हणतात तेच. पहिल्यांदा मी लिहिलं, “बिज्जूबुवाची शिंक अडकली.” चैतू पलंगावर बसून मांडीवर टाळी देत होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, पायांवर गोधडी. थांबली.

“आई, इथं एक जास्तीचं आहे.”

“कुठं?”

“बुवात.”

मोजलं तर खरंच. बिज्जूबुवाची म्हणजे नऊ मात्रा. झोक्याला हव्यात आठ. मग बुवा काढला आणि ओळ अशी आली:

बिज्जूच्या नाकात अडकली
शिंक लाजरी, येता थकली

“थकली” हा शब्द तिचा. मी “रुसली” लिहिलं होतं. ती म्हणाली, “रुसत नाही गं ती. तिला यायचं असतंय, पण दमते.”

मराठीत यमक फुकट मिळतं. आला, गेला, केला, मेला. क्रियापद शेवटी येतं आणि सगळ्या क्रियापदांचं शेपूट सारखं. म्हणून असल्या यमकाला पोरं हसत नाहीत. पुढं काय येणार ते आधीच कळतं. मी शेपटाची यमकं टाकून देत गेले. घुबडाच्या पानावर अडले. इंग्रजीतलं घुबड शहाणं, डॉक्टरसारखा चष्मा लावलेलं. आमच्याकडं घुबड घरावर बसलं की बायका देवाला नारळ बोलतात. चित्र तर बदलता येत नाही. मग मी तो चष्माच वापरला आणि त्याला आगाऊ करून टाकलं:

मिरी कुटुन मग घुबड म्हणाले,
हुंग जरासे, मिटून डोळे

“ले” आणि “ळे” हे पक्कं यमक नाही, माहीत आहे. चैतूनं चालवून घेतलं. म्हणाली, “घुबडाला जमत नसेल नीट बोलायला.”

आणि पान उलटायची जागा. आ, आ, आ, आ. इथं एक झोका संपतो. दुसरा झोका मी रिकामा ठेवला. शब्दच नाहीत. पान उलटेपर्यंत गप्प. मग पुढच्या पानावर एकटाच शब्द, “गेली!” त्या रिकाम्या झोक्यात चैतू श्वास घ्यायची. तिच्यासाठीच ठेवलाय असं मी तिला सांगितलं नाही. तिला कळलं होतं.

शेवटचं पान राहिलं. देव तुझं भलं करो. “देव भले हो करो तुझे” असलं काहीतरी लिहून बघितलं. कुणी हसेना. मीसुद्धा नाही. कारण आमच्याकडं शिंकेवर असं कुणी म्हणतच नाही. मग म्हणतो काय?

उत्तर खालच्या मजल्यावर राहत होतं. इंदूमावशी. मी दुकानात असले की चैतूजवळ बसायच्या. एकदा मी निघाले, पिशवी खांद्याला लावली, आणि मावशी शिंकल्या.

“थांब. शिंक आडवी आली. चप्पल काढ, बस, घोटभर पाणी पी आणि मग जा.”

“मावशी, गिऱ्हाईक उभं असेल.”

“उभं राहू दे की. काढ म्हटलं ना.”

मी बसले. पाणी प्याले. चैतू बघत होती. तिला कळलं, की शिंकलं की जाणारा माणूस थांबतो. एवढं सोपं आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी दाराशी गेले की पलंगावरून यायचं, “आक्छी!” साफ खोटं. मी चप्पल काढायची, बसायची. ती खूश. बाप निघाला की तेच, “आक्छी!” ऋतुराज बसायचा नाही. तो तिच्याजवळ जाऊन कपाळावर ओठ टेकायचा आणि म्हणायचा, “चैतू, शिंक म्हणजे नाकातली धूळ बाहेर येते. तिनं कुणाचं काही अडत नाही. कळलं?” आणि जायचा. ती त्याच्या पाठीला परत एकदा शिंकायची. तो जिन्यावरून हसून हात करायचा.

मला शेवटचं पान मिळालं होतं.

जोडे घालुन निघती सारे,
आ आ आक् छी! हलली दारे!
शिंक आडवी! काढा जोडे,
बसा, बसा हो, अजून थोडे!

इंग्रजीत शिंकेनं सगळे घरी जातात. मराठीत शिंकेनं सगळे परत बसतात. चित्रात प्राणी दारात बूट धरून उभे आहेत. जाताहेत की परत काढताहेत, चित्रावरून ठरत नाही. एक केसही न बदलता पुस्तकाचा शेवट उलटा झाला. मी वाचलं तेव्हा चैतूनं उशी तोंडावर दाबली, हळू हसायला. उशी हलत राहिली.

हे पुस्तक नायगावकर बाईंनी घेतलं, पण ते कागदासाठी नव्हतं. यंत्रासाठी होतं. त्या यंत्राचं नाव लयिका. आता घराघरात आहे, तरी सांगते, कारण पुढचं त्याच्यावाचून कळायचं नाही.

पोराच्या कपाळाला एक पातळ पट्टी, बोटाला एक चिमटा. आपण लयीत बोलणं ऐकतो तेव्हा मेंदूतल्या लाटा त्या लयीला धरून चालायला लागतात. पुढची टाळी पडायच्या आधीच लाट चढते, कारण मेंदूनं ती ताडलेली असते. ताडलं तसं आलं की बरं वाटतं. ताडलं त्याहून वेगळंच आलं, पण धोक्याचं नसलं, की हसू येतं. विनोदात एवढंच असतं. पट्टी ही लाट वाचते, चिमटा श्वास आणि रक्तातला ऑक्सिजन वाचतो. यंत्र त्यावरून पुढची ओळ त्याच क्षणी बदलतं. एखाद्या पोराला लांब झोका आवडतो, एखाद्याला छोटा. सोलापूरच्या पोराच्या बिज्जूला चादर, रत्नागिरीच्या बिज्जूला कोकम. प्रत्येक पोराचं भाषांतर वेगळं. माणसाकडून फक्त बीजप्रत घेतात, विरजणाला दही घेतात तसं.

मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. दोन पोरांना एक कविता सारखी पाठ नसेल तर ती शाळेच्या बसमध्ये म्हणायची कुणी? पण एक अट बरी होती. भाषांतरकाराला एक कडवं कुलूपबंद करता यायचं. एकच. ते यंत्र कुणासाठीच बदलू शकत नव्हतं आणि माझ्या आवाजाशिवाय उघडत नव्हतं. मी शिंक आडवी घातली.

बाईंचा फोन आला. “प्रणोतीताई, कडवं गोड आहे. पण परीक्षण म्हणतंय, यातून अंधश्रद्धेचा प्रसार होतो.”

“परीक्षण म्हणजे कोण?”

“यंत्रच करतं प्राथमिक परीक्षण.”

“त्याला कधी शिंक आलीय का?”

“अहो, तसं नाही. जगभर जातं हे. आपण मुलांना काय शिकवतो?”

“बाई, अस्वल मफलर घालतं हे शिकवतो आपण. ते चालतं तुम्हाला?”

“ते अस्वल नाही, बॅजर आहे.”

“बघा. तुमचं सगळं लक्ष कुठं आहे ते.”

कुलूप माझं होतं. त्यांचं काही चाललं नाही. ऋतुराज मात्र त्या दिवशी जेवताना म्हणाला, “बाई बरोबर बोलतात. मी गावोगाव बोंबलत फिरतो आणि माझ्याच घरातून शिंकेचा अपशकुन छापून निघतो.”

“अपशकुन नाहीय तो. पाहुणे थांबवायची युक्ती आहे.”

“तुला कळतंय मी काय म्हणतोय.”

“कळतंय. मला पटत नाहीय.”

लयिका घरी आली तेव्हा चैतूला पट्टी फार आवडली. टिकलीसारखी दिसायची. यंत्रानं वाचायला सुरुवात केली आणि मला कबूल करावं लागतंय, चांगलं वाचलं. माझ्याहून चांगलं. कुठं थांबायचं ते त्याला तिच्या श्वासावरून कळत होतं. माझा रिकामा झोका त्यानं कधी ताणला, कधी आवळला. ती माझ्या ओळींना हसली नव्हती तिथं हसली. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि आतून जळत होते. शेवटचं कडवं आलं. कुलूपबंद. यंत्र ते बदलू शकत नव्हतं, तसंच्या तसं म्हणालं, आणि एवढा वेळ तिला इतकं बरोबर ताणून आणलं होतं, की ती फुटली. हळू नाही. पोटातून हसली. उशी शोधायला हात गेला आणि तिथंच राहिला. ओठ जांभळे पडले. चिमटा ओरडायला लागला.

दवाखान्यातून परत आणली. ऋतुराजनं तिला पलंगावर ठेवली, पांघरूण नीट केलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं.

“कुलूप काढ.”

मी घासलेली भांडी फळीवर लावायला लागले.

“यंत्राला बाकी सगळं कळतं, प्रणोती. ऑक्सिजन उतरला की ते विनोद कमी करतं, ओळ छोटी करतं. एवढ्या एका ठिकाणी त्याचे हात बांधलेत. तू बांधलेत.”

“मग यंत्र बंद कर. मी वाचते.”

“तू वाचशील आणि ती हसेल. मग?” त्याचा आवाज फुटला. “तुला तुझी ओळ पाहिजे का पोरगी पाहिजे?”

असा प्रश्न विचारणाऱ्याच्या कानाखाली द्यावी. पण तो विचारताना रडत होता. आणि त्याच्याजवळ आकडे होते, चिमट्याचे. माझ्याजवळ चार ओळी होत्या. मी यंत्रासमोर गेले, माझं नाव सांगितलं, कुलूप काढ म्हणाले. हिरवा दिवा लागला. एवढंच.

त्यानंतर ती उतरतच गेली. यंत्रही तिच्याबरोबर उतरत गेलं. आज्ञाधारक होतं ते. ऑक्सिजन कमी, की धक्का कमी. आधी घुबडाचा आगाऊपणा गेला. मग मिरी गेली. आ-आ-आ एकदाच यायला लागलं, मग तेही गेलं, कारण त्यानं ती श्वास रोखायची. राहिला एक बिज्जू, शहाणा, घरात बसलेला, ज्याला काही होत नव्हतं. आणि शेवट असा व्हायला लागला:

जोडे घालुन गेले सारे,
मिटली हळुहळु घरची दारे.

मात्रा मोजा. सोळा. एक चूक नाही त्यात.

चैतूनं ऐकलं. छताकडं बघत राहिली. मग म्हणाली, “गेले सगळे?”

“गेले,” मी म्हटलं.

“मग बिज्जू एकटाच?”

ऋतुराज म्हणाला, “झोपला तो, चैतू. सगळे दमले होते ना.”

“पप्पा, तो शिंकलाच नाही.”

“नाही. आता त्याला त्रास नाही होत.”

तिनं जरा विचार केला. “शिंकला नाही म्हणून गेले ते,” ती म्हणाली. आणि कपाळावरची पट्टी स्वतः सोलून काढली, बोटाचा चिमटा काढला, माझ्या हातात दिला. “आई, तू म्हण. आपलं.”

मी ऋतुराजकडं बघितलं. डॉक्टरांनी आदल्याच दिवशी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आता तिला जे आवडतं ते करा. या वाक्याचा अर्थ ऋतुराजला माझ्याइतकाच कळला होता. त्याला भाषांतर लागत नव्हतं. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. नको म्हणाला नाही. हो म्हणाला नाही.

मी पहिल्यापासून म्हटलं. मांडीवर टाळी द्यायची तिची ताकद नव्हती, म्हणून मी तिच्या तळव्यावर माझ्या बोटानं दिली. रिकामे झोके मोठे ठेवले. घुबड, मिरी, सगळं आणलं. आ, आ, आ, आ. पान उलटलं. “गेली!” ती म्हणाली, माझ्याआधी. शेवटाला आलो. जोडे घालुन निघती सारे. तिचे डोळे आधीच हसत होते, पुढं काय येतंय ते माहीत होतं, पक्कं माहीत होतं, तरी. यंत्राच्या हिशेबात हे बसत नाही. धक्का संपला की हसू संपतं, असं त्यांचं शास्त्र म्हणतं. पोरं तर माहीत असलेल्याच गोष्टीला हसतात, येणार येणार म्हणून हसतात. शिंक आडवी! काढा जोडे. ती हसली. आवाज नव्हता त्याला, नुसतं पोट हललं. ओठ जांभळे झाले, मग परत जरा बरे झाले.

“बसा, बसा हो,” तिनं तोंडातल्या तोंडात म्हटलं. पुढचं म्हटलं नाही. तो श्वास तिनं ठेवून घेतला.

ऋतुराज शर्टाची बाही डोळ्याला लावून शाळेला निघाला. प्रात्यक्षिक परीक्षा होती. दारात पोचला आणि पलंगावरून आलं, “आक्छी.” फारच बारीक.

तो थांबला. मला वाटलं, आज बसतोय. तो आला, तिच्या कपाळावर ओठ टेकले आणि सवयीनं म्हणाला, “शिंकेनं काही अडत नाही, चैतू. मी दुपारी आलोच.” तो दुपारी आलाच. ती होती. त्याला शिक्षा म्हणून मी हे लिहीत नाही. तो शब्दाला पक्का होता, एवढंच.

त्याच दिवशी मी यंत्रासमोर बसून कडव्याला परत कुलूप घातलं. बाईंचा फोन आला. मी उचलला नाही. आज तुमच्या घरातल्या लयिकेत सगळं बदललेलं असेल, तुमच्या पोराच्या बिज्जूला काहीही झालं असेल, पण शेवटी तो शिंकतो आणि सगळे परत बसतात. ते कुणाला काढता येणार नाही.

चैतू त्यानंतर थोडेच दिवस होती. सकाळी गेली. मी तिच्याजवळ होते, ऋतुराज दूध तापवत होता. त्याहून जास्त मला सांगायचं नाही.

दुपारपर्यंत माणसं जमली. ऋतुराजनं आधीच सांगितलं होतं की कसलाही विधी नको. कुणी काही केलं नाही. शाळेतले शिक्षक आले, त्याच्या संघटनेतली पोरं आली. इंदूमावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. चैतू एवढीशीच. खांदेकरी कशाला लागतात तिला, एकट्या बापाच्या हातांवर मावली असती. तरी चौघं उभे राहिले. उचललं. कुणीतरी म्हटलं, चला.

आणि ऋतुराज शिंकला.

खोटं शिंकला. अगदी खोटं. तोंडानं, पोरं शिंकतात तसं. “आक्छी.”

कुणाला काय करावं कळेना. त्याच्या संघटनेतली पोरं खाली बघायला लागली. या माणसानं दहा गावांत उभं राहून सांगितलं होतं की शिंकेनं काही अडत नाही. तो दारात उभा होता, हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना, जसा काही तो सगळी वाट अडवून उभा आहे. मग इंदूमावशी भिंतीपासून उठल्या.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “शिंक आडवी आलीय. खाली ठेवा तिला.”

चौघांनी एकमेकांकडं बघितलं आणि तिला परत खाली ठेवलं, हळू, जाग येईल की काय असं. ऋतुराजनं पायातल्या चपला काढल्या. तो तिच्या शेजारी फरशीवर बसला. मी बसले. मग हेडमास्तर बसले, पॅंट वर ओढून. मग सगळे बसले, जिन्यात उभे होते तेही जिन्यातच बसले. मावशींनी तांब्या आणला. आम्ही एकेक घोट पाणी प्यालो. ऋतुराजनं तिच्या पावलावर बोट ठेवलं होतं आणि बोट हलत होतं. मी मोजलं. आठ, आणि मग रिकामे आठ.

आमच्यात असं असतं की थोडं बसलं की पुरतं. मग जायचं असतं. ते थोडं किती, कुणी ठरवलेलं नाही. कुणीतरी आधी उठायला लागतं. शिक्षक उठेनात, पोरं उठेनात. मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. ऋतुराज उठणारच नव्हता. तो माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता, बघितलं तर मी उठेन अशी त्याला भीती.

ओळ माझी होती. मीच उठले.